उपाशीपोटीची साखर नॉर्मल, मग काळजी मिटली का?

परंडा तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "माझे शौहर 46 वर्षांचे, नणंद 42 वर्षांची. दोघांनी सकाळी उपाशीपोटी साखर तपासली. शौहरांची 112 आली, नणंदेची 92. लॅबवाल्याने सांगितले, भाईंना शुगरची सुरुवात दिसते, आपांचे सगळे नॉर्मल आहे. नणंदेला मागच्या बाळंतपणात साखर निघाली होती, म्हणून डॉक्टरांनी तिला धाराशिवला बोलावले आणि ग्लुकोजचे पाणी पाजून पुन्हा तपासले. दोन तासांनी 168 आली. मग शौहरांचीही तशीच तपासणी केली, तर त्यांची दोन तासांनी फक्त 128. आता डॉक्टर म्हणतात, दोघांनाही मधुमेहाच्या आधीची अवस्था आहे, पण दोघांची वेगवेगळी. एकाच रोगाची सुरुवात दोन प्रकारची कशी असेल?"

प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच देऊ. पत्रातले चार आकडे हाताशी ठेवा. भाईंची उपाशीपोटी 112 आणि दोन तासांनी 128. आपांची उपाशीपोटी 92 आणि दोन तासांनी 168.

आधी मोजमाप समजून घेऊ. रक्तातली साखर एक डेसिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम आहे, असे मोजतात. रात्रभर, म्हणजे किमान आठ तास, काही न खाता सकाळी तपासलेली साखर 126 किंवा जास्त असेल तर तो मधुमेह. 100 ते 125 यांच्यामध्ये असेल तर त्याला इम्पेअर्ड फास्टिंग ग्लुकोज म्हणतात, म्हणजे उपाशीपोटीची बिघडलेली साखर. दुसरी तपासणी ग्लुकोज पिऊन करायची. पिल्यानंतर दोन तासांनी साखर 200 किंवा जास्त असेल तर मधुमेह. 140 ते 199 यांच्यामध्ये असेल तर ते इम्पेअर्ड ग्लुकोज टॉलरन्स, म्हणजे पोटात गेलेली साखर वेळेत न पचवता येणे. या हिशेबाने भाईंना पहिला प्रकार आहे आणि आपांना दुसरा. फक्त सकाळच्या रक्तावर थांबलो असतो तर आपा निर्धास्त घरी गेल्या असत्या. फक्त दोन तासांनंतरचे रक्त पाहिले असते तर भाई सुटले असते.

असे का होते, हे कळायला रात्र आणि जेवणानंतरचा वेळ या दोन वेळा वेगळ्या पाहाव्या लागतात.

रात्री आपण झोपतो, पण मेंदू आणि हृदय काम करतच असतात आणि त्यांना साखर लागते. ती यकृत, ज्याला आपण घरात कलेजी म्हणतो, आपल्या साठ्यातून आणि नव्याने तयार करून थोडी थोडी रक्तात सोडत राहते. किती सोडायची, यावर इन्सुलिनचा लगाम असतो. यकृत त्या लगामाला जुमानेनासे झाले की रात्रभर जरा जास्त साखर रक्तात येत राहते आणि पहाटे आकडा चढलेला दिसतो. भाईंचे दुखणे इथे आहे. त्यांचे स्नायू मात्र अजून बऱ्यापैकी इन्सुलिनचे ऐकतात. म्हणून ग्लुकोज पिल्यावर त्यांची साखर पहिल्या तासात वर गेली तरी दोन तासांत खाली आली.

जेवणानंतरची गोष्ट निराळी. भाकरी, भात, शिरखुर्मा, काहीही खाल्ले की आतड्यातून साखरेचा लोंढा रक्तात येतो. त्यातला मोठा वाटा मांड्या, दंड, पाठ यांच्या स्नायूंनी उचलायचा असतो, आणि त्यासाठी स्वादुपिंडाने पहिल्या अर्ध्या तासानंतरही इन्सुलिनचा पुरवठा नेटाने चालू ठेवायचा असतो. आपांचे स्नायू साखर उचलायला कुचराई करतात आणि इन्सुलिनही पुढच्या टप्प्यात कमी पडते. म्हणून दोन तास झाले तरी लोंढा ओसरलेला नाही. रात्री मात्र त्यांचे यकृत शिस्तीत वागते, त्यामुळे सकाळी 92. दिवसभरात तीन वेळा खाणे झाले की आपांची साखर तीन वेळा तासन्तास चढलेली राहते, आणि सकाळच्या रिपोर्टात त्याचा मागमूस नसतो.

काही लोकांत दोन्ही बिघाड एकत्र असतात, सकाळीही जास्त आणि दोन तासांनीही जास्त. पुढे मधुमेह होण्याचा धोका अशांना सर्वांत जास्त असतो. आणि फक्त एकच बिघाड असेल तर? दोन तासांनंतरची साखर किरकोळ समजू नये. युरोपातल्या अनेक देशांची माहिती एकत्र करून झालेल्या डिकोड या अभ्यासात 1999 मध्ये दिसून आले, की मृत्यूचा धोका उपाशीपोटीच्या आकड्यापेक्षा दोन तासांनंतरच्या आकड्यावरून जास्त नीट ओळखता येतो. म्हणजे आपांचे 168 हे भाईंच्या 112 पेक्षा हलके नाहीत.

आपल्या राज्यातही हे मोजले गेले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचा पहिला अहवाल 2011 मध्ये आला. त्यात महाराष्ट्र हे एक राज्य होते. वीस वर्षांवरील लोकांत मधुमेह 8.4 टक्के आणि मधुमेहाच्या आधीची अवस्था 12.8 टक्के निघाली. उंबरठ्यावर उभे असलेले लोक घरात शिरलेल्यांपेक्षा जास्त होते. हे कळले, कारण ज्यांना आपल्याला मधुमेह आहे हे माहीत नव्हते, अशा लोकांना ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा तपासले होते. केवळ सकाळचे रक्त घेतले असते तर आपांसारखे लोक मोजणीतून निसटले असते.

बारीक माणसाने या बाबतीत स्वतःला सुरक्षित समजू नये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मुलांचा त्यांच्या जन्माच्या आधीपासून, 1990 च्या दशकापासून पाठपुरावा करत आले आहेत. ही मुले अठरा वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा मुलांपैकी सुमारे 37 टक्के आणि मुलींपैकी सुमारे 18 टक्के जणांची साखर बिघडलेली निघाली. यातली जवळजवळ निम्मी मुले-मुली वजनाने कमी होती. शेतात राबणारी, अंगाने सडपातळ, तरी ही स्थिती.

आता तपासणीकडे येऊ, कारण आपल्या जिल्ह्यात खरी गडबड तिथेच होते.

पहिली गडबड "फास्टिंग-पीपी" या जोडीची. लॅबमध्ये सकाळी रक्त देतात, मग नाश्ता करून दोन तासांनी पुन्हा रक्त देतात. कागदावर पीपी 126 आली की लोक म्हणतात, दोन तासांनंतरचीही नॉर्मल आहे. पण 140 ते 199 हा निकष घरच्या नाश्त्यासाठी ठरलेलाच नाही. तो मोजून दिलेल्या 75 ग्रॅम ग्लुकोजसाठी आहे. कोणी अर्धी वाटी पोहे खातो, कोणी चहा-बिस्किटावर भागवतो, कोणी दोन भाकऱ्या. चहा-बिस्किटानंतर आपांची साखरही 126 आली असती. ज्यांना मधुमेह आहे, त्यांचे औषध लागू पडते का हे पाहायला पीपी ठीक आहे. आपांच्या प्रकारचा बिघाड पकडायला ती पुरत नाही. त्यासाठी ग्लुकोज टॉलरन्स टेस्टच हवी. लॅबमध्ये तिला जीटीटी किंवा ओजीटीटी म्हणतात.

ती नीट कशी होते, ते पाहा. तपासणीच्या आधी तीन दिवस नेहमीसारखे जेवायचे. रिपोर्ट चांगला यावा म्हणून भाकरी-भात बंद करू नका. उलट परिणाम होतो, शरीराला पिष्टाची सवय राहत नाही आणि ग्लुकोज पिल्यावर साखर खोटीच वर जाते. रोज किमान 150 ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत. ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीत साधारण 50 ग्रॅम असतात, म्हणजे दिवसाला तीन भाकऱ्या खाणाऱ्याला वेगळे काही करायला नको. ताप, जुलाब असतील तर तपासणी पुढे ढकला. आदल्या रात्री जेवल्यावर आठ ते चौदा तास फक्त पाणी. सकाळी पहिले रक्त दिल्यावर 75 ग्रॅम ग्लुकोज पाव लिटर ते तीनशे मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचे. पहिला घोट घेतला तेव्हापासून घड्याळ लावायचे आणि बरोबर दोन तासांनी दुसरे रक्त द्यायचे. मधल्या वेळेत बसून राहायचे. बाजारात चक्कर मारून आलात तर चालणारे स्नायू साखर ओढून घेतात आणि आकडा खाली येतो. तंबाखू, विडी, चहा काहीच नको. हे पाणी फार गोड असते आणि काहींना मळमळते. थोडे लिंबू पिळले तर चालते. पण उलटी झाली तर तपासणी त्या दिवशी रद्द समजावी.

दुसरी गडबड नळीतल्या रक्ताची. तालुक्याच्या गावात रक्त घेतात आणि पुष्कळदा ते सोलापूरला किंवा लातूरला पाठवतात. नळीत भरलेले रक्त जिवंतच असते. त्यातल्या पेशी साखर खात राहतात. काहीच काळजी घेतली नाही तर दर तासाला साखर पाच ते सात टक्क्यांनी घटते. भाईंची खरी साखर 112 असेल आणि रक्त दोन तास तसेच पडून राहिले, तर यंत्रावर ती शंभरच्या आसपास येईल आणि भाई "नॉर्मल" होतील. म्हणून साखरेसाठी राखाडी बुचाची नळी वापरतात. तिच्यात फ्लोराइड असते, ते पेशींचे हे खाणे थांबवते. पण त्यालाही पुरता जोर धरायला एक-दोन तास लागतात. त्यामुळे नळी बर्फात ठेवणे किंवा रक्तातले पाणी आणि पेशी लवकर वेगळ्या करणे चांगले. लॅबमध्ये दोनच प्रश्न विचारा: साखरेचे रक्त राखाडी बुचाच्या नळीत घेता का, आणि तपासणी इथेच होते की बाहेर जाते? शक्य असेल तर रक्त जिथे तपासले जाते, त्याच ठिकाणी जाऊन द्या.

तिसरी गडबड बोटाच्या यंत्राची. तीस वर्षांवरील लोकांची साखर आशाताई आणि आरोग्य केंद्रातले कर्मचारी बोट टोचून पाहतात, ते चांगलेच आहे. तिथे कुठल्याही वेळची साखर 140 च्या वर निघाली तर डॉक्टरांकडे पाठवतात. पण ती चाळणी आहे, निदान नाही. चांगल्या यंत्रातही पंधरा टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे होऊ शकते. शिवाय जेवणानंतर बोटाच्या रक्तातली साखर हाताच्या शिरेतल्या रक्तापेक्षा जास्त असते. बोटातले रक्त पेशींकडे निघालेले असते, शिरेतले पेशींना साखर देऊन परतलेले असते. म्हणूनच वर सांगितलेल्या इंडियाब पाहणीत बोटाचे रक्त वापरताना दोन तासांनंतरची मर्यादा 140 ऐवजी 160 धरली होती. घरच्या यंत्रावर ग्लुकोज पिऊन स्वतःच निदान करू नका.

काही जण विचारतील, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी केली तर चालणार नाही का? ती सोयीची आहे, उपाशी राहावे लागत नाही. 5.7 ते 6.4 टक्के म्हणजे उंबरठा. पण बिघाड रात्रीचा आहे की जेवणानंतरचा, हे ती सांगत नाही. आणि आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणे फार आढळते. लोह कमी पडल्याने झालेल्या अशक्तपणात हा आकडा खोटाच वर जाऊ शकतो. त्यामुळे एचबीएवनसी करताना हिमोग्लोबिनही सोबत पाहावे.

एक गोंधळ आकड्यांचाही आहे. समजा कुणाची उपाशीपोटीची साखर 104 आली. एक डॉक्टर म्हणतात सुरुवात आहे, दुसरे म्हणतात ठीक आहे. दोघेही खरे बोलतात. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2003 मध्ये खालची मर्यादा 110 वरून 100 वर आणली, जागतिक आरोग्य संघटनेने 110 च ठेवली. इंडियाब पाहणीनेही 110 धरली होती. भाईंचे 112 दोन्ही मापांत बसतात, म्हणून तिथे वाद नाही. 100 ते 109 मधला माणूस आजारी ठरवण्याची घाई नको, पण त्याने ग्लुकोजची तपासणी मात्र करून घ्यावी.

तसेच एका रिपोर्टवर कायमचा शिक्का मारू नये. दोन तासांनंतरचा आकडा आज 150 आणि पंधरा दिवसांनी 130 असाही येतो. शरीर रोज सारखे वागत नाही. आकडा काठावर असेल तर तपासणी पुन्हा करून घ्यावी. आपांचे 168 काठावरचे नाहीत, आणि त्यांच्या पाठीशी बाळंतपणातली साखरही आहे. ज्या भगिनींना गरोदरपणात साखर निघाली होती, त्यांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ही ग्लुकोजची तपासणी करायची असते. बाळाच्या धावपळीत ती राहून जाते.

दोन प्रकार वेगळे ओळखून उपयोग काय? उपाय करताना फरक पडतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी केलेला अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपांसारखे, म्हणजे ग्लुकोज पिल्यावर साखर चढलेली राहणारे 531 लोक घेतले होते. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला, त्यांच्यापैकी तीन वर्षांत 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांच्या खाण्यात आणि चालण्यात ठरवून बदल केला, त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के होते. फायदा खरा आहे आणि तो दुसऱ्या प्रकारच्या लोकांत सिद्ध झालेला आहे. फक्त उपाशीपोटीची साखर बिघडलेल्यांत अशा बदलाचा फायदा कमी दिसतो. चेन्नईतच झालेल्या डी-क्लिप या दुसऱ्या अभ्यासातही कल तसाच होता.

म्हणून आपांनी स्नायूंना कामाला लावावे. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे, कारण त्यांचा लोंढा त्याच वेळी येतो. ताटात आधी भाजी, डाळ किंवा सालन घ्यावे आणि भाकरी-भात मागाहून. बसता-उठता येण्याचे, वजन उचलण्याचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करावेत. भाईंचा रोख यकृतावर हवा. पोटाचा घेर कमी करणे, रात्रीचे जड जेवण हलके करणे, तळलेले आणि गोड पेय कमी करणे. यकृतावर चरबी आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. आणि केवळ चालायला लागलो म्हणून बेफिकीर न होता दरवर्षी दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. औषधाची गरज आहे का, ते दोघांच्याही बाबतीत डॉक्टर ठरवतील.

शेवटी रमजानबद्दल, कारण हा प्रश्न दर वर्षी येतो: रोजात इतके तास उपाशी असतोच, मग असरच्या सुमारास फास्टिंग करून घेतली तर? तपासणीपुरते रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. अडचण तपासणीच्या बाजूने आहे. 100 आणि 126 या मर्यादा सकाळच्या रक्तासाठी ठरल्या आहेत. दुपारनंतर उपाशी माणसाची साखर सकाळपेक्षा कमी भरते, त्यामुळे भाईंसारख्यांचा बिघाड त्या वेळी झाकला जातो. आणि ग्लुकोज पिण्याची तपासणी तर रोजात होऊच शकत नाही. ती ईदनंतर, दावतींचा गोडवा ओसरून आठ-दहा दिवस नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर, सकाळी करावी. ज्यांच्या आई-वडिलांना मधुमेह आहे, पोटाचा घेर वाढला आहे किंवा बाळंतपणात साखर निघाली होती, त्यांनी लॅबमध्ये गेल्यावर नुसते "शुगर करायची" असे म्हणू नये. "उपाशीपोटी आणि 75 ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांनी, दोन्ही करायच्या" असे स्पष्ट सांगावे.